ओपीजी हातात आला, आता बघायचा कसा: कीड, अक्कलदाढ आणि मुख्य म्हणजे हाडाची रेघ

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढून झाला की पेशंट दोन गोष्टी करतात, एक म्हणजे फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर फोटो काढतात आणि दुसरी म्हणजे तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. मग कोणीतरी सांगतं आडवी दाढ आहे लगेच काढून टाक, कोणी सांगतं क्लीनिंग करू नकोस दात हलतील. मी दाताची डॉक्टर आहे, हे रोज ऐकते आणि रोज तेच समजावते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. हे वाचून घरी निदान करायचं नाहीये, डॉक्टर बोलतील तेव्हा ते कशाबद्दल बोलतायत ते दिसावं आणि नेमका प्रश्न विचारता यावा एवढ्यासाठी.

आधी सेंटरमधून मूळ फाइल मेल किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत बारीक काही दिसत नाही.

बाजू ओळखा

फोटोत डावीकडे दिसतं ते तुमची उजवी बाजू, पेशंट समोर बसलाय असं धरायचं. कडेला R किंवा L लिहिलेलं असतं ते बघा. डॉक्टर दातांचे नंबर दोन आकड्यांत लिहितात, पहिला आकडा बाजूचा (१ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा) आणि दुसरा मधल्या दातापासून मोजलेला, म्हणून ३६ म्हणजे खाली डावीकडची पहिली मोठी दाढ आणि ३८ म्हणजे त्याच बाजूची अक्कलदाढ.

कशाला घाबरायचं नाही

वरच्या दाढांच्या मुळांवर दोन्ही बाजूंना मोठ्ठी काळी पोकळी दिसते ती सायनस आहे, सगळ्यांनाच असते. खालच्या उपदाढांच्या मुळापाशी बारीक काळा ठिपका असतो, तिथून नस बाहेर येते, तो गळू नाही. मधोमध पांढरट पट्टा मानेच्या मणक्यांचा. कानातलं काढायचं राहिलं तर त्याची धूसर सावली चक्क दुसऱ्या बाजूला आणि थोडी वर उमटते, त्यावरून 'इथे काय आहे हो' म्हणून खूप फोन येतात.

कीड

दात पांढरा, त्यात काळी सावली म्हणजे कीड, आणि झगझगीत पांढरं म्हणजे जुनं चांदीचं फिलिंग किंवा कॅप. दाताच्या आत मधोमध एक काळसर पोकळी असतेच, ती नसेची जागा. किडीची सावली तिथपर्यंत पोचलीय का एवढंच बघा, पोचली असेल तर रूट कॅनलचं बोलणं निघणार. मुळाच्या टोकाशी गोल काळं दिसलं तर इन्फेक्शन हाडात उतरलंय का ते बघावं लागतं.

पण ओपीजीत कीड दिसली नाही म्हणजे नाहीच असं मुळीच नाही. शेजारच्या दोन दातांच्या फटीतली सुरुवातीची कीड ओपीजीत निसटते, कारण उपदाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. त्यासाठी तोंडात ठेवून काढायचे छोटे एक्स-रे लागतात. उलट दाताच्या मानेशी, हाड आणि इनॅमलच्या मधल्या पट्ट्यात, एक पुसट काळपट छटा येते ती बऱ्याचदा नुसती एक्स-रेची गंमत असते, किडीची कड तोंडात बघून आणि छोट्या एक्स-रेत खात्री केल्याशिवाय तिथे ड्रिल लावून घेऊ नका.

अक्कलदाढ

आडवी आहे म्हणून काढा, हा सल्ला अर्धवट आहे. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २००० सालीच सांगितलं होतं की कसलाही आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ नुसती खबरदारी म्हणून काढू नये. माझंही तेच मत, बघायचं ते तिच्या पुढच्या दाढेकडे, म्हणजे ३७ किंवा ४७ कडे. तिच्या मागच्या बाजूला काळी सावली किंवा तिथलं हाड खाली गेलेलं दिसलं, किंवा हिरडी वारंवार सुजत असेल, तर अक्कलदाढ ठेवून उपयोग नाही, चांगली दाढ जाईल.

दुसरं बघायचं ते खालच्या जबड्यातून जाणारा नसेचा मार्ग, दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात त्याच्या. अक्कलदाढेच्या मुळापाशी ती रेघ तुटली असेल, मार्ग वळला असेल किंवा मूळच तिथे काळपट दिसत असेल तर नस चिकटून असण्याची शक्यता वाढते. काढताना तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, कधी काही महिने, क्वचित कायमची. अशा वेळी सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन, सांगितला तर तो खर्च फुकटचा समजू नका.

हाडाची रेघ, इथे थांबा

आता खरं काम. कीड कोणालाही दाखवता येते, अक्कलदाढ तर आपणहून दिसते, पण हिरड्यांच्या आजाराने हाड किती गेलंय हे पेशंटला दाखवणं मला सुरुवातीला अजिबात जमायचं नाही, कारण नसलेली गोष्ट दाखवायची असते. 'इथे हाड असायला हवं होतं' असं म्हटलं की पेशंट मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. मग एक पद्धत बसली, तीच सांगते.

प्रत्येक दाताला एक मान असते, जिथे वरचं चकचकीत पांढरं इनॅमल संपतं आणि मूळ सुरू होतं. तिथे बोट ठेवा. आता दोन दातांच्या मधल्या हाडाचा वरचा काठ शोधा, म्हणजे जाळीदार राखाडी भाग जिथे संपतो ती रेघ. मान आणि ही रेघ यांच्यात १ ते २ मिलिमीटर अंतर असेल तर सगळं ठीक. त्याहून जास्त असेल तर तेवढं हाड गेलंय. कुंपणाचा खांब जमिनीत किती गाडलेला आहे हे बघण्यासारखंच आहे हे, वरून खांब तेवढाच दिसतो पण माती उतरली की हलायला लागतो.

मिलिमीटरमध्ये मात्र मोजू नका, ओपीजीत सगळं मोठं दिसतं आणि सगळीकडे सारखं मोठंही दिसत नाही. प्रमाण काढा. पट्टी स्क्रीनवर ठेवा, मानेपासून मुळाच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, मग मानेपासून हाडाच्या रेघेपर्यंतचं घ्या, दुसऱ्याला पहिल्याने भागा. जिथे हाड सगळ्यात जास्त गेलंय तो दात घ्यायचा, सरासरी नाही.

समजा ५० वर्षांच्या एका बाई आहेत, पूर्वीपासून मिश्री लावतात. त्यांच्या ३६ नंबरच्या दाढेत मान ते टोक १५ आलं आणि मान ते हाड ६ आलं. म्हणजे ४० टक्के. २०१८ पासून जे वर्गीकरण आम्ही वापरतो त्यात १५ टक्क्यांच्या आत पहिली पायरी, १५ ते ३३ दुसरी, त्यापुढे तिसरी किंवा चौथी, तेव्हा या बाई तिसरीत धरल्या (नक्की पायरी हिरडी मोजून आणि किती दात गेलेत ते बघूनच ठरते). आता ४० ला वयाने भागा, ०.८ आलं. ०.२५ पेक्षा कमी म्हणजे आजार संथ, १ पर्यंत मध्यम, १ च्या वर वेगवान. ही बाई मध्यम वेगात. पण हाच ओपीजी तिशीच्या मुलाचा असता तर ४० भागिले ३०, म्हणजे १.३ च्या वर, आणि मी त्याला खुर्चीतून उठूच दिलं नसतं. चित्र तेच, अर्थ वेगळा. शुगर असेल आणि एचबीएवनसी ७ किंवा जास्त असेल, किंवा दिवसाला १० किंवा जास्त सिगरेटी असतील तर आकडा कितीही आला तरी आजार वेगवानच धरायचा.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं, पुढचे दात. ओपीजी मशीन एका ठराविक पट्ट्यातलंच स्पष्ट घेतं, आणि पेशंटची मान जराशी पुढेमागे झाली की पुढचे दात धुरकट होतात, त्यात मणक्याची सावली वर येते. त्यामुळे पुढच्या दातांचं हाड ओपीजीवर मोजायचंच नाही, छोटे एक्स-रे काढा. मोजायला खालच्या दाढा सगळ्यात भरवशाच्या.

दुसरं, कललेली दाढ. शेजारचा दात काढून वर्षं झाली की मागची दाढ पुढे झुकते, आणि तिच्या पुढच्या बाजूला हाड तिरकं, खड्डा पडल्यासारखं दिसतं. पेशंटही घाबरतो आणि शिकाऊ डॉक्टरही. इथे दोन्ही दातांच्या माना जोडणारी एक रेघ मनात ओढा, हाडाचा काठ त्या रेघेला समांतर असेल तर तो खड्डा नाही, दातच वाकडा आहे. समांतर नसून दाताला लागून व्ही आकारात खाली गेला असेल तर मात्र खरा खड्डा, आणि तो वेगळ्या पद्धतीने हाताळावा लागतो. त्याच वेळी खालच्या दाढेच्या दोन मुळांच्या मधे बघा, तिथे काळं दिसलं तर आजार मुळांच्या फाट्यात शिरलाय, ब्रश तिथे पोचत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ओपीजी सांगतो की हाड गेलंय, आत्ता जातंय का हे सांगत नाही. दाताच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूचं हाडही दाखवत नाही, दातच आड येतो. म्हणून बारीक खुणांची सळई हिरडीत घालून प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजावंच लागतं. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त आणि वर रक्त आलं तर तिथे आजार चालू आहे. नुसता ओपीजी बघून कोणी 'पायरिया आहे, फ्लॅप सर्जरी करा' म्हणत असेल तर आधी हे आकडे लिहून मागा.

आणि क्लीनिंगने दात हलतात म्हणणाऱ्यांसाठी: दातांच्या मानेखाली कडेला छोटे पांढरे काटे दिसतायत ना, तो साठलेला कडक मळ. त्यानेच दात एकमेकांना बांधल्यासारखे घट्ट वाटत असतात. हाड आधीच गेलेलं असतं, मळ काढला की फटी उघड्या पडतात आणि सूज उतरते, एवढंच. ओपीजी क्लीनिंगच्या आधीचा आहे ना, तारीख बघा, हाडाची रेघ तेव्हाच खाली होती.

वरच्या बाईंच्या फाइलीत ३६ ची हिरडी ६ मिलिमीटर भरली, ३७ च्या मागे कीड आणि ३८ आडवी निघाली. क्रम असा लावायचा: मिश्री बंद, खोल क्लीनिंग, ३८ चा नसेशी संबंध तपासून ती काढणं, मग ३७ चं फिलिंग, कारण ३८ जागेवर असताना तिथे धड हातच पोचत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सळईने मोजायचं. कॅप, ब्रिज, इम्प्लांट यांचं बोलणं त्यानंतर, आधी कोणी ॲडव्हान्स मागितला तरी देऊ नका.