हेडफोनवर मत लिहिताना या चुका टाळा

पुण्यात नोकरीसाठी आलेल्या अमराठी मंडळींना मी संध्याकाळी मराठी शिकवते. मधल्या वर्गातल्यांना रिक्षावाल्याशी आणि शेजाऱ्यांशी बोलता येतं, पण सलग पाच-सहा वाक्यं लिहिताना त्यांची दमछाक होते. या वर्गाला 'मत मांडा' असा एक स्वाध्याय असतो. त्यासाठी मी एक हेडफोन ठेवला आहे. साधा, वायरचा, पूर्ण कान झाकणारा. प्रत्येकानं तो दोन दिवस घरी न्यायचा, वापरायचा आणि दीडशे शब्दांत आपलं मत लिहून आणायचं. वस्तू सगळ्यांना एकच, त्यामुळे कोणी खरंच ऐकलं आणि कोणी नुसतं लिहिलं, ते लगेच कळतं. चुका मात्र दरवर्षी त्याच होतात.

पहिली चूक म्हणजे खोक्यावरचा मजकूर उतरवून काढणं. 'यात ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे. याची कक्षा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे आवाज उत्तम आहे.' निम्म्या वह्यांची सुरुवात अशी असते. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही माणसाच्या ऐकण्याची ढोबळ कक्षा. स्वस्त असो की महाग, बहुतेक खोक्यांवर हाच आकडा छापलेला असतो. त्या कक्षेत आवाज किती डेसिबलनं वरखाली होतो ते दिलं नसेल, तर त्यावरून कानाला काय ऐकू येईल हे काही कळत नाही. ड्रायव्हर म्हणजे आत आवाज काढणारा भाग, त्याच्या आकाराचंही तेच. 'त्यामुळे' हा शब्द वापरायला शिकवते मीच, पण त्याच्या अलीकडे तुम्ही स्वतः ऐकलेलं काहीतरी हवं. माझा नियम सोपा आहे: लिहिताना खोकं दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. स्वतःचं डोकं आणि कान कसे आहेत हे न सांगता मत देणं.

काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन वह्या आल्या. लखनौच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'डग्गा भरपूर ऐकू येतो, तीन तास घातला तरी त्रास नाही.' कोचीहून आलेल्या, बँकेत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'डग्गा जवळजवळ नाहीच, अर्ध्या तासात कान दुखतात.' हेडफोन तोच, वायर तीच, दोघांनीही गाणी मोबाइलवरच लावलेली. त्या गृहस्थांच्या वहीत मी लाल शाईनं लिहिलं, 'नीट वापरलात का?' पुढच्या तासाला ते माझ्या टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, दोन्ही दिवस वापरला. मला जे ऐकू आलं तेच लिहिलं आहे."

मग वर्गातच दोघांना एकच तबलावादन एकामागोमाग ऐकवलं. ती म्हणाली डग्गा छान घुमतो. ते म्हणाले डग्गा लांब कुठेतरी वाजतोय. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या चष्म्याकडे गेलं. जाड काड्यांचा चष्मा होता. हेडफोनची गादी कानाभोवती नीट टेकायला हवी, पण काडीपाशी ती उचलली गेली होती आणि कानशिलाजवळ बारीक फट राहिली होती. मी दोन्ही बाजूंच्या वाट्या तळव्यांनी हलकेच दाबल्या. ते एकदम म्हणाले, "आला! डग्गा आला!" चष्मा काढून पुन्हा ऐकलं, तेव्हा न दाबताही आला.

कारण साधं आहे. कान झाकणाऱ्या बंद हेडफोनमध्ये खालचे सूर टिकायचे तर गादी आणि त्वचा यांच्यामध्ये हवा अडकून राहावी लागते. फट पडली की आधी खर्ज गळतो. वरचे सूर बऱ्यापैकी तसेच राहतात. म्हणून चष्मेवाल्याला तबल्याच्या कडेची चाट खणखणीत ऐकू येते आणि डग्गा पोकळ. दुखण्याचं कारणही तीच काडी, कारण गादी ती कानशिलावर दाबून धरते. तक्रारी दोन आणि मूळ एकच होतं, आणि ते वहीत कुठेच आलेलं नव्हतं. लाल शेरा मी खोडला आणि त्यांना पुन्हा लिहायला दिलं. दुसऱ्या खेपेला आलेला परिच्छेद मी आजही प्रत्येक नव्या वर्गाला वाचून दाखवते:

'मी चष्मा लावतो. चष्म्यासकट अर्धा तास ऐकलं की कानशिल दुखतं आणि डग्गा बारीक वाटतो. चष्मा काढला की डग्गा भरून येतो. म्हणून चष्मा न लावणाऱ्याला हा हेडफोन आवडेल असं मला वाटतं. मी तो बातम्या ऐकायला वापरेन, गाण्यांसाठी विकत घेणार नाही.'

पाचच वाक्यं. पण वाचणाऱ्याला आपण यात कुठे बसतो ते कळतं. तेव्हापासून माझ्या वर्गात पहिलं वाक्य स्वतःबद्दलचं असतं. चष्मा आहे का, केस दाट आहेत का, अंबाडा घालता का, कानात मोठे झुमके असतात का. लोकांना हे विषयांतर वाटतं, पण मी ऐकत नाही. खर्ज कमी वाटला तर लिहिण्याआधी वाट्या हातानं दाबून बघायच्या, हीसुद्धा माझी सक्ती. दाबल्यावर तो वाढला तर प्रश्न बसण्याचा आहे, हेडफोनच्या आवाजाचा नाही. दाबूनही काही फरक पडला नाही, तर खुशाल लिहा की खर्ज कमी आहे.

दुसरी मोठी चूक भाषेची. 'हेडफोनची आवाज चांगली आहे.' हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, आणि हेडफोनवरच्या दीडशे शब्दांत हा शब्द आठ-दहा वेळा येतो. म्हणजे एक चूक दहा वेळा. वजन आणि मत या शब्दांचंही असंच होतं. हिंदीत ते पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. 'वजन हलका आहे' नाही, 'वजन हलकं आहे'. 'माझा मत' नाही, 'माझं मत'. यावर माझा उपाय म्हणजे लिहायला बसण्यापूर्वी पानाच्या वरच्या कोपऱ्यात चार ओळी लिहून ठेवायच्या: तो आवाज, तो हेडफोन, ती वायर, ते वजन. घाईची माणसं म्हणतात, "नंतर तपासू." नंतर कोणी तपासत नाही.

लिंग चुकलं तरी अर्थ पोचतो. त्याहून खोल चूक 'आहे' आणि 'वाटतो' यांच्या गोंधळाची, आणि मत मांडण्याच्या स्वाध्यायात खरं शिकायचं आहे ते इथेच. 'मला वाटतं याचं वजन २५० ग्रॅम आहे.' यात वाटायचं काय आहे? तराजूवर ठेवा. आणि उलट, 'हा हेडफोन जड आहे.' कोणासाठी? २५० ग्रॅम एकाच्या मानेला काहीच नसतात आणि दुसऱ्याला तासाभरानं ओझं होतात. 'याचं वजन २५० ग्रॅम आहे, पण तासाभरानं मला तो जड वाटतो.' या वाक्यात मोजता येणारं 'आहे'कडे गेलं आणि अनुभवाचं 'वाटतो'कडे. वही तपासताना मी प्रत्येक 'आहे'खाली रेघ मारते आणि विचारते, हे मोजता येतं का? येत नसेल तर तिथे 'वाटतो' हवं आणि ते कधी, कशामुळे वाटलं हेही हवं. 'माझ्या मते मला असं वाटतं की' असं दोन्ही एकत्र लिहिणारेही असतात. एक पुरे.

शब्दांच्या बाबतीत मला घाई अजिबात सहन होत नाही. 'साउंड क्वालिटी छान आहे' लिहून वही मिटायची. छान म्हणजे काय? मराठीत आवाजासाठी शब्दांची ददात नाही: भरदार, दबका, घोगरा, किनरा, कर्कश, खणखणीत. वरचे सूर बोचतात म्हणा. शब्द स्पष्ट ऐकू येतात पण वाद्यं एकमेकांत मिसळतात म्हणा. बंद हेडफोन घातल्यावर काहींना कान कोंदल्यासारखे होतात. त्यासाठी एक बंगाली विद्यार्थिनी अर्धं पान झगडत होती. मी तिला 'कानाला दडे बसल्यासारखं वाटतं' एवढंच दिलं. तिनं वाक्य लिहिलं, हेडफोन घातला, काढला आणि मान डोलावली.

आपल्या हेडफोनशी तुलना करताना दोन्ही हेडफोन मोबाइलवर एकाच आवाजपातळीवर लावायचे, ही मुलांची आवडती पळवाट. 'दोन्ही साठ टक्क्यांवर ऐकले, नवा जास्त चांगला.' मोबाइलवरची आवाजाची पट्टी सारखी ठेवली म्हणून आवाज सारखा होत नाही. प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता वेगळी असते, आणि त्याच पट्टीवर एक मोठा वाजतो, दुसरा हळू. कानाची खोड अशी की थोडा मोठा आवाज 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. त्यात हळू आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले होते. म्हणजे मोठ्यानं वाजणारा हेडफोन आपोआप भरदार ठरतो. मी वापरते ती रीत अशी: आधी बातम्या लावा आणि निवेदकाचा आवाज टेबलापलीकडे बसलेल्या माणसाइतका येईपर्यंत प्रत्येक हेडफोनचा आवाज कमीजास्त करा. मग त्याच पातळीवर गाणं ऐका. हे अंदाजपंचेच आहे, पण साठ टक्क्यांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ बरं.

आपला ब्लूटूथ हेडफोन घेऊन लिहिणाऱ्यांनी एक बघावं. लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग उघडी असेल आणि माइक चालू असेल, तर बऱ्याच हेडफोनची जोडणी बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि गाणं टेलिफोनवर ऐकल्यासारखं येतं. एका मुलानं याच कारणावरून आपल्या हेडफोनला पानभर नावं ठेवली होती. मीटिंग बंद केली, हेडफोन बरा झाला आणि पान फाडावं लागलं.

पाचपैकी चार तारे देऊ नका. पाचवा का कापला ते वाक्यात लिहा.

किंमत शेवटी लिहा, आणि फक्त आकडा नको. 'पंधराशेला घेईन, तीन हजारांना नाही' असं लिहिलं की मला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. आणि दहा मिनिटं ऐकून वही देऊ नका. कानशिल अर्ध्या तासानंतर बोलायला लागतं, वायरचा पीळ बसमध्ये कळतो, गादीखालचा घाम तर पुण्यातल्या एप्रिलमध्येच. दोन दिवस मी त्यासाठी देते.