माळ्यावरच्या बाहुलीचं डोकं कशाचं?

आर्वीजवळच्या एका गावात वाडा पाडायला काढला, तेव्हा टिनाखालच्या माळ्यावर संदूक निघाली. आत दोन विलायती बाहुल्या. मावशीनं लगेच ओला फडका घेतला. तिथंच थांबवलं, कारण डोकं कशाचं हे कळल्याशिवाय पाणी लावायचंच नाही.

आधी गाल आपल्या गालाला टेकवा. थंडगार लागला, नखानं हलकं ठोकल्यावर कपबशीसारखा किणकिणला, तर ते बिस्क, म्हणजे चकाकी न दिलेली भाजलेली चिनी माती. आवाज लाकडासारखा बद्द आला तर कंपोझिशन: लाकडाचा भुसा आणि सरस यांचा साच्यात दाबलेला लगदा, वर रंग. आमच्या पहिल्या बाहुलीच्या कपाळावर आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा होत्या. बिस्क असं तडकत नाही. इकडचा मे महिन्यातला टिनाखालचा ताव आणि मग पावसाळ्याची ओल, यानं लगदा आकसतो-फुगतो आणि रंग सुटतो. मावशीचा फडका फिरला असता तर गालाचा रंग फडक्यावर आला असता.

डोकं वजनाला पिंगपाँगच्या चेंडूसारखं हलकं असेल आणि कानामागून जोडाची रेघ जात असेल, तर सेल्युलॉइड असू शकतं. अंगठ्यानं घासून गरम करा, कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

दुसरी बाहुली थंड लागली. केसांचा टोप अलगद उचलला, तर मानेवर ‘जर्मनी’ आणि ३९० कोरलेलं, सोबत ए. एम. ही अक्षरं. म्हणजे आर्मांड मार्सेय कारखान्याचा साचा. टोपाखालच्या भोकातून मोबाईलचा टॉर्च आत धरला. केसाएवढी चीर असती तर काळी रेघ दिसली असती, आणि तिनं किंमत बरीच पडते. चीर नव्हती. पण हा साचा ढिगानं निघालेला, त्यामुळं नुसत्या डोक्याला फार भाव नाही.

भाव ठरवतात कपडे. बाहुलीला आजीनं नंतर टेरिकॉटचा फ्रॉक शिवला होता. मूळचा सुती झगा संदुकीच्या तळाशी चिंधीत गुंडाळलेला सापडला. तो मूळचाच का, हे असं पाहिलं: घडीच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद, मापाला अंगावर चपखल, चेन वा वेल्क्रो नाही. मग दुकानातला नोटा तपासायचा निळा दिवा लावला. नवा धागा त्यात पांढराशुभ्र चमकतो, हा चमकला नाही. मात्र आजच्या पावडरीत धुतलेलं जुनं कापडही चमकतं, तेव्हा चमकलं म्हणून लगेच नकली ठरवू नका.

मावशी म्हणाली, “फाटका हाय ना, फेकून दे.” तो फाटका झगा, आतला परकर आणि एकच उरलेला बूट पांढऱ्या सुती कापडात बाहुलीसोबतच बांधला. न धुता.