वर्गीकृत सामग्रीची पडताळणी: चूक वर्गमध्यात आहे की संचित वारंवारतेत?

सांख्यिकीचे तक्ते तपासण्याचे काम नव्याने हाती घेणारे बहुतेक जण सूत्रापासून सुरुवात करतात आणि आकडेमोड पुन्हा करून पाहतात. माझ्या अनुभवात सूत्र बहुधा बरोबरच असते. चूक त्याच्या आधी, वर्गमध्य लिहिताना किंवा संचित वारंवारतेची बेरीज पुढे नेताना झालेली असते. तोच तक्ता घेऊन तीच आकडेमोड पुन्हा केली, तर तेच चुकीचे उत्तर तितक्याच विश्वासाने पुन्हा मिळते. म्हणून उत्तराकडे वळण्यापूर्वी स्तंभ तपासावेत, आणि ज्या वाटेने ते तयार झाले त्याहून वेगळ्या वाटेने तपासावेत.

पुढील विवेचनासाठी एका चाचणीतील ५० जणांचे गुण घेऊ. गुण पूर्णांकात दिलेले आहेत.

| वर्ग | वारंवारता | वर्गमध्य | संचित वारंवारता |
|---|---|---|---|
| १०–१९ | ६ | १४.५ | ६ |
| २०–२९ | १० | २४.५ | १६ |
| ३०–३९ | १६ | ३४.५ | ३२ |
| ४०–४९ | १२ | ४४.५ | ४४ |
| ५०–५९ | ६ | ५४.५ | ५० |

या तक्त्यावरून मध्य ३४.९, मध्यक ३५.१२५ आणि प्रमाण विचलन सुमारे ११.८३ येते. हे आकडे समोर ठेवले की कोणती चूक कोणत्या उत्तराला किती हलवते, हे नेमके पाहता येते.

वर्गमध्याच्या स्तंभात पहिली तपासणी वजाबाकीची करावी. वर्गांतर समान असेल, तर लागोपाठच्या वर्गमध्यांतील फरक सर्वत्र तेवढाच, म्हणजे येथे १०, आला पाहिजे. समजा कोणी चौथा वर्गमध्य ४४.५ ऐवजी ४५.५ लिहिला, तर फरक १०, १०, ११, ९ असे येतात. ११ आणि ९ शेजारी-शेजारी दिसले की त्या दोघांमधली संख्या चुकलेली आहे, हे लगेच कळते. एवढ्या लहान चुकीने मध्य ३५.१४ आणि प्रमाण विचलन सुमारे १२.०३ होते, आणि ही दोन्ही उत्तरे इतकी स्वाभाविक दिसतात की नुसते उत्तर पाहून कोणालाही शंका येणार नाही. वर्गांतरे असमान असतील, तर फरक समान येणार नाहीत. तेव्हा प्रत्येक फरक शेजारच्या दोन वर्गांतरांच्या बेरजेच्या निम्मा आहे का, हे पाहावे.

सगळेच वर्गमध्य सारख्याच प्रमाणात चुकले असतील, तर मात्र ही वजाबाकी काहीच सांगत नाही. खालच्या मर्यादेत ५ मिळवून १५, २५, ३५ असे वर्गमध्य लिहिले, तर फरक १० च राहतो, प्रमाण विचलन ११.८३ च राहते आणि मध्य तेवढा ०.५ ने वाढून ३५.४ होतो. प्रत्येक किंमत सारखीच सरकली की विस्तार बदलत नाही, त्यामुळे प्रमाण विचलन बरोबर आले म्हणून वर्गमध्यही बरोबर असतील, असा निष्कर्ष काढता येत नाही.

येथे थोडे थांबून सामग्रीचे स्वरूप विचारात घ्यावे लागते. पूर्णांकातील गुणांसाठी १०–१९ या वर्गाच्या खऱ्या सीमा ९.५ आणि १९.५ मानतात, म्हणून वर्गमध्य १४.५ येतो. पण हेच वर्ग पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदलेल्या वयाचे असते, तर १९ वर्षे ११ महिन्यांची व्यक्तीही पहिल्याच वर्गात बसली असती. तेव्हा सीमा १० आणि २० होतात आणि वर्गमध्य १५ हाच योग्य ठरतो. तपासणाऱ्याने १५ दिसताच लाल खूण करू नये. नोंद जवळच्या पूर्णांकात केली आहे की अपूर्णांक सोडून, हे आधी पाहावे.

निर्णय कोणताही असो, वर्गमध्य आणि मध्यकाच्या सूत्रातील वर्गाची खालची सीमा या दोन्ही गोष्टी एकाच सीमांवरून घेतलेल्या असल्या पाहिजेत. मला सर्वाधिक वेळा सापडणारी विसंगती हीच आहे. मध्य काढताना १५, २५, ३५ वापरायचे आणि मध्यक काढताना मात्र वर्ग सलग करून २९.५ ही सीमा घ्यायची, असे झाले की मध्य ३५.४ आणि मध्यक ३५.१२५ येतो. प्रत्यक्षात मध्य मध्यकापेक्षा ०.२२५ ने लहान आहे. या सरमिसळीत तो ०.२७५ ने मोठा दिसतो. म्हणजे फरकाचे चिन्हच उलटते आणि सामग्री कोणत्या बाजूला झुकली आहे याविषयी अहवालात उलट वाक्य लिहिले जाते. दोन्हीकडे १०, २०, ३० याच सीमा घेतल्या, तर मध्य ३५.४ आणि मध्यक ३५.६२५ होऊन फरक पुन्हा उणे ०.२२५ येतो.

संचित वारंवारतेच्या घसरणी अधिक फसव्या असतात. त्यांतली एक सहज पकडता येते: मध्यक-वर्गाच्या आधीची संचित वारंवारता १६ घेण्याऐवजी त्याच वर्गाची ३२ घेतली, तर उत्तर २५.१२५ येते आणि ते २९.५ ते ३९.५ या वर्गाच्या बाहेर पडते. मध्यक आपल्या वर्गात बसलाच पाहिजे, एवढे लक्षात ठेवले की ही चूक निसटत नाही. बेरजेतील चूक मात्र उत्तराला वर्गाबाहेर जाऊ देत नाही. ६ मध्ये १० मिळवताना १६ ऐवजी १७ लिहिले आणि पुढे बरोबर बेरीज करत गेले, तर शेवटचा आकडा ५१ येतो. एकूण वारंवारता याच शेवटच्या आकड्यावरून घेतली, तर मध्यक सुमारे ३४.८१ येतो आणि वरकरणी काहीच खटकत नाही. म्हणून वारंवारतेच्या स्तंभाची बेरीज स्वतंत्रपणे करून ती शेवटच्या संचित वारंवारतेशी जुळवावी.

तेवढेही कधी कधी पुरत नाही. दुसऱ्या ओळीत १७ लिहून तिसऱ्या ओळीत १६ ऐवजी १५ मिळवले, तर ३२ येते, पुढे सारे जुळते आणि शेवटी ५० सुद्धा मिळतात. मध्यक मात्र ३४.५ होतो. याला दोन उपाय आहेत. लागोपाठच्या संचित वारंवारतांची वजाबाकी करून मूळ वारंवारता परत मिळतात का ते पाहावे. येथे १० आणि १६ च्या जागी ११ आणि १५ दिसतील. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: मध्यक तक्त्याच्या खालच्या टोकाकडून काढावा. ३९.५ च्या वर १२ आणि ६ मिळून १८ जण आहेत. २५ मधून १८ वजा केले की ७ उरतात, १६ जणांच्या वर्गात त्यांचा वाटा ४.३७५ होतो आणि ३९.५ मधून तो वजा केला की ३५.१२५ मिळते. वरून आणि खालून आलेली उत्तरे वेगळी निघाली, तर बेरजेत कोठेतरी घसरण झालेली आहेच. ही बेरीज मूळ वारंवारतांवरून नव्याने करावी, संचित स्तंभातून वजा करून नव्हे. नाहीतर तीच चूक दोन्हीकडे शिरते.

प्रमाण विचलनासाठी चार्लियर यांचा पडताळा उपयोगी पडतो. ३४.५ हा गृहीत मध्य घेऊन १० ने भागलेली विचलने −२, −१, ०, १, २ येतात. वारंवारतेने गुणून त्यांची बेरीज २ आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज ७० येते. आता प्रत्येक विचलनात १ मिळवून त्यांच्या वर्गांची बेरीज तशीच पुन्हा केली, तर ती ७०, २ ची दुप्पट आणि ५० यांच्या बेरजेइतकी, म्हणजे १२४, आली पाहिजे. आणि ६, ०, १६, ४८, ५४ मिळून ती तेवढीच येते. हा पडताळा गुणाकार-बेरजेची हमी देतो. पण विचलने ज्या वर्गमध्यांवरून घेतली ते योग्य आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही. म्हणून तो वर्गमध्यांची वजाबाकी आणि सीमांची जुळणी पाहून झाल्यावरच करावा.