सोलर सेलच्या स्लाइड समजावण्याआधी: आधी बाण, मग बाकीचं

पेन ड्राइव्ह, पॉइंटर, प्रोजेक्टरची केबल याबद्दल काही सांगत नाही. हॉल पुण्यातला असेल आणि वार गुरुवार असेल, तर दुरुस्तीसाठी वीज जाणार आहे का एवढं तिथल्या शिपायाला आदल्या दिवशी विचारा. बाकी सगळं स्लाइडमध्येच चुकतं, आणि मागच्या वेळी तिथेच चुकलं होतं. बाण राहिला होता. करंट कुठून कुठे वाहतो हे दाखवणारा बाण.

म्हणून पहिलं काम तेच. जंक्शनची स्लाइड उघडा आणि तिच्यावर दोन बाण काढा, वेगवेगळ्या रंगांचे. पहिला प्रकाशाच्या करंटचा. सेलच्या आत हा करंट एन बाजूकडून पी बाजूकडे जातो, पीच्या तारेतून बाहेर पडतो, लोडमधून फिरतो आणि एनच्या तारेतून परत आत येतो. म्हणजे डायोडच्या भाषेत हा उलटा, रिव्हर्स दिशेचा करंट. दुसरा बाण डायोडच्या स्वतःच्या फॉरवर्ड करंटचा, पीकडून एनकडे, पहिल्याच्या बरोब्बर विरुद्ध. लोड जोडला की सेलच्या टोकांवर व्होल्टेज तयार होतं आणि त्यात पी बाजू प्लस असते. त्यामुळे जंक्शन फॉरवर्ड बायसमध्ये जातं आणि हा दुसरा करंट सुरू होतो. बाहेर मिळतो तो या दोघांतला फरक.

```
I = IL - I0*(exp(qV/kT) - 1)
```

हे दोन बाण नसले की तिसऱ्या मिनिटाला हमखास प्रश्न येतो: ‘सर, जंक्शन फॉरवर्ड आहे की रिव्हर्स?’ उत्तर असं की व्होल्टेज फॉरवर्ड आहे आणि बाहेर येणारा करंट रिव्हर्स दिशेचा आहे. म्हणूनच सेल वीज देतो. दोन्ही एकाच दिशेचे असते तर तो वीज खाणारा साधा डायोड झाला असता. हे चित्राशिवाय तोंडी सांगायला गेलात तर पुढची दहा मिनिटं गेली. इलेक्ट्रॉनचे बाण त्याच चित्रात घालू नका. ते करंटच्या उलट दिशेने जातात आणि चार बाणांत कुणालाच काही कळत नाही. चित्रात एन बाजू वर, पी बाजू खाली ठेवा आणि शेवटच्या स्लाइडपर्यंत तेच ठेवा. एन वेफरचे बहुतेक नवे सेल याच्या उलट असतात, पुढची बाजू प्लस. इंटरनेटवरून उचललेली दोन चित्रं शेजारी ठेवली की गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हे मीटरवर दाखवता येतं, आणि दाखवाच. पुण्याच्या तपकीर गल्लीत 6 व्होल्टचं तळहाताएवढं पॅनेल मिळतं. घेताना पट्ट्या मोजा. बहुतेक 12 असतात, प्रत्येकी साधारण अर्धा व्होल्ट. हे आधी सांगितलं नाही तर मुलं एका सेलला 6 व्होल्ट समजून घरी जातात. मागे डायोड जोडलेला असेल तर तो काढून टाका, नाहीतर पुढचा प्रयोग होणारच नाही. मीटर मिलीअँपिअरवर ठेवा, लाल तार पॅनेलच्या प्लसला, काळी मायनसला. उजेडात आकडा प्लस येतो: करंट प्लसमधून बाहेर पडतोय. आता पॅनेल काळ्या कापडाखाली ठेवा आणि मीटरची काळी तार मायनसवरून काढून 100 ओहमच्या रेझिस्टरमधून 9 व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसला जोडा. बॅटरीचं मायनस पॅनेलच्या मायनसला. आकडा आता मायनसमध्ये येतो, वीसेक मिलीअँपिअर. पॅनेलचं प्लस टोक दोन्ही वेळा प्लसच आहे, फक्त करंट फिरला. पहिला बाण आणि दुसरा बाण, दोन्ही एकाच मीटरवर.

लाइट म्हणून मोबाइलचा टॉर्च वापरू नका. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतो आणि उजेडही अपुरा पडतो. खिडकीतलं ऊन सगळ्यात चांगलं. नाहीतर जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब, पण पॅनेल तापेल इतका जवळ नको.

उजेड करंट कसा तयार करतो, या स्लाइडवर बहुतेक चित्रं एक गोष्ट चुकीची ठसवतात. फोटॉन थेट डिप्लिशन भागात पडतो, तिथलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉन आणि होलला वेगळं करतं, झालं. प्रत्यक्षात तो भाग एका मायक्रॉनहून पातळ आणि वेफर दीडशे मायक्रॉनच्या आसपास. निळा उजेड, म्हणजे 450 नॅनोमीटर, पहिल्या अर्ध्या मायक्रॉनमध्ये बराचसा संपतो. पण 1000 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडला सिलिकॉनमध्ये शोषलं जायला दीडशे मायक्रॉन लागतात. म्हणजे बऱ्याच जोड्या जंक्शनपासून लांब, खालच्या पी भागात जन्मतात. तिथे त्यांना ओढायला क्षेत्र नसतं. इलेक्ट्रॉन नुसता भटकत भटकत, डिफ्यूजनने, जंक्शनपर्यंत येतो आणि तिथे आल्यावर एन बाजूला घसरतो. तो वाटेत होलला भेटला की संपला. म्हणून त्याचं आयुष्य महत्त्वाचं. 100 मायक्रोसेकंद टिकला तर तो सरासरी अर्धा मिलीमीटर भटकू शकतो, वेफरच्या जाडीच्या तिप्पट. 1 मायक्रोसेकंद टिकला तर पन्नासच मायक्रॉन, आणि मग लांबच्या लाटांचा करंट गेला. मुलांच्या डोक्यात एवढा एक आकडा बसला तरी पुरे. क्षेत्राचं समीकरण वगळा.

आता कार्यक्षमता कुठे अडते. इथे टक्क्यांचे रंगीत गोल दाखवायचा मोह होईल. त्यापेक्षा एकच सेल शेवटपर्यंत चालवा. 100 चौरस सेंटीमीटरचा सिलिकॉन सेल घ्या. चाचणीच्या प्रमाण उन्हात, 1000 वॅट प्रति चौरस मीटर आणि 25 अंशांना, त्याच्यावर 10 वॅट पडतात. सिलिकॉनचा बँडगॅप 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण 1107 नॅनोमीटरच्या पलीकडचा उजेड आरपार जातो: सुमारे 2 वॅट. बाकीच्या फोटॉनची 1.12 च्या वरची ऊर्जा उष्णतेत जाते: 3 वॅटच्या थोडं वर. उरले पाचएक वॅट. हा आकडा दुसऱ्या बाजूनेही पडताळा, फळ्यावर लिहून: एक फोटॉन एक इलेक्ट्रॉन धरला तर जास्तीत जास्त 4.4 अँपिअर, गुणिले 1.12 व्होल्ट, म्हणजे 4.9 वॅट.

आणि प्रत्यक्षात चांगल्या सेलचे आकडे? 4.0 अँपिअर, ओपन सर्किटला 0.68 व्होल्ट, फिल फॅक्टर 0.80. गुणाकार 2.18 वॅट, म्हणजे 21.8 टक्के. 4.9 वरून 2.2 वर येताना करंटमध्ये फारसं गेलं नाही, 4.4 चे 4.0 झाले. सगळ्यात मोठा खड्डा व्होल्टेजचा आहे, 1.12 चे 0.68. हा खड्डा कोण पाडतं? तोच दुसरा बाण. ओपन सर्किटला बाहेर करंट शून्य, कारण फॉरवर्ड करंट वाढत वाढत प्रकाशाच्या करंटइतका झाला आणि दोघे फिटले. जितकं रिकॉम्बिनेशन जास्त, तितका `I0` मोठा, आणि तितक्या कमी व्होल्टेजला ही फिटंफाट होते. `I0` दहापट वाढला की 25 अंशांना साधारण 59 मिलीव्होल्ट जातात. पहिल्या स्लाइडवर दुसरा बाण काढला नसेल तर या स्लाइडवर नुसतं ‘रिकॉम्बिनेशन लॉस’ म्हणाल, पोरं मान डोलावतील आणि कुणालाही काही समजलेलं नसेल.

याचा पुरावाही त्याच पॅनेलवर मिळतो. शॉर्ट सर्किट करंट मोजा, मग पॅनेल उन्हाकडे तिरपं करत तो अर्धा होईपर्यंत थांबा. त्याच कोनात आता व्होल्टेज बघा. करंट निम्मा झाला तरी व्होल्टेज 12 पट्ट्यांत मिळून दोन दशांश व्होल्टच्या आसपास उतरतं, एका सेलमागे 18 मिलीव्होल्टच्या थोडं वर. अर्ध्या भागावर हात ठेवून हे करू नका. मालिकेतली एक पट्टी झाकली तरी सगळ्यांचा करंट कोसळतो आणि भलतंच दिसतं.

शॉकली आणि क्वायसर यांची 1961 ची मर्यादा सांगताना आकडा कशाचा ते सांगा. प्रमाण सूर्यप्रकाशाला एका जंक्शनसाठी 33.7 टक्के हा आकडा 1.34 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पदार्थाचा आहे, सिलिकॉनचा नव्हे. सिलिकॉनमध्ये उजेड बाहेर टाकून होणारं रिकॉम्बिनेशन तेवढं धरलं तर ओपन सर्किटला 0.87 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. पण तिथे ऑजे प्रक्रियाही आहे: इलेक्ट्रॉन होलला भेटतो आणि ऊर्जा तिसऱ्याच कणाला देऊन टाकतो. वेफर कितीही शुद्ध केला तरी हे थांबत नाही. त्यामुळे ती मर्यादा 0.76 व्होल्ट आणि 29.4 टक्क्यांवर येते. म्हणून सिलिकॉनसाठी 29.4 लिहा.

तापमानावर एकच ओळ: दर अंशामागे एका सेलचे साधारण 2 मिलीव्होल्ट जातात. एप्रिलमध्ये पुण्याच्या गच्चीवर पॅनेल 65 अंशांना गेलं तर 25 अंशांच्या तुलनेत शक्ती 12 ते 16 टक्के कमी. कारण पुन्हा `I0`, तो तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. म्हणजे पुन्हा दुसरा बाण.

फिल फॅक्टरला एक स्लाइड पुरे. सिरीज रेझिस्टन्स, शंट, संपलं. परावर्तन, पुढच्या जाळीची सावली: 4.4 चे 4.0 तिथेच झाले, एवढं म्हणा. टँडमबद्दल कुणी विचारलं तर सांगा, वर मोठ्या बँडगॅपचा सेल ठेवून त्या 3 वॅट उष्णतेतला काही भाग वाचवतात. स्वतःहून काढू नका, वेळ जातो.

आलेख. काही पुस्तकांत तो चौथ्या चरणात असतो, काहींत उलटवून पहिल्यात. वरचं समीकरण पहिल्या चरणाचं आहे. एकच निवडा आणि अक्षावर करंटची दिशा लिहा, पुन्हा बाणानेच.

मीटरचा फ्यूज तपासा. 9 व्होल्टची बॅटरी नवी घ्या, जुनी 20 मिलीअँपिअरला बसते. काळं कापड जाड हवं. स्लाइड पीडीएफमध्येही ठेवा, आणि पीडीएफ उघडून बघा की त्यात बाण आलेत. अॅनिमेशनमध्ये घातलेले असतील तर बऱ्याचदा एकमेकांवर बसलेले दिसतात.