आतून रंग मारून ओल थांबत नाही: पावसाआधी या चुका टाळा

(खानापूर तालुक्यातलं एक स्लॅबचं घर. मे महिन्याचा पहिला आठवडा. नैऋत्य कोपऱ्यातल्या खोलीत स्लॅबच्या खाली वीतभर पट्ट्यात रंगाचे पोपडे सुटलेत.)

अक्का: मामा, दिवाळीत वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले होते की हो! तरी बघा.

गवंडीमामा (थापीच्या दांड्यानं भिंत ठोकतात, पोकळ आवाज येतो): रंग आतून दिलात, पाणी बाहेरून येतंय. ते रंगामागं साठलं आणि गिलाव्यासकट सुटलं. हा पांढरा भुगा बघा, लोणा आलाय. भिंतीतलं पाणी वाळताना क्षार मागं ठेवून जातंय.

निवेदन: सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात. डाग कुठे आहे ते आधी बघा. जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढलेला असेल तर ती पायातून वर चढणारी ओल. खिडकीभोवती असेल तर छज्जा किंवा चौकट. वर, स्लॅबला लागून असेल तर बहुतेक वेळा गच्ची. आपल्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस पश्चिमेकडून झडीनं मारतो, म्हणून त्या अंगाची भिंत आधी तपासायची.

(गच्चीवर. मामा कठडा आणि स्लॅब मिळतात तिथं नख फिरवतात. केसासारख्या भेगेत नख अडकतं.)

मामा: स्लॅब आधी पडला, कठडा मागनं बांधला. उन्हात दोन्ही वेगवेगळे ताणतात, सांधा सुटतो. त्यात ही पन्हाळी पाल्यानं तुंबलीय, पाणी इथंच थांबतंय.

अक्का: मग वरनं सिमेंटचा एक थर ओढूया?

मामा: नको अक्का. भेग तशीच ठेवून थर दिला की वर्षात तोही तिथंच तडकतो. वर स्लॅबवर वजन वाढतं. आधी खात्री करूया.

निवेदन: खात्रीसाठी अख्खी गच्ची भरायची गरज नाही. मामांनी कोपऱ्यात चार फुटांचा चौकोन धरला, उघड्या दोन बाजूंना चिकणमातीचा बांध घातला आणि दोन इंच पाणी साठवलं. साधारण पंचाहत्तर लिटर, म्हणजे पाच-सहा घागरी. खाली डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ आणि तारीख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओल रेघेच्या बाहेर चार बोटं गेली होती. वळीव जोरात झाला तर हीच तपासणी फुकटात होते. फक्त रेघ आधी मारून ठेवा.

(दुरुस्ती.)

मामा: भेग छिन्नीनं अर्धा इंच रुंद, अर्धा इंच खोल उघडायची. ब्रशनं धूळ काढायची, पाणी मारायचं. मग पॉलिमर मिसळलेला माल दाबून भरायचा. त्यावर सांध्याच्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूच्या एकास तीन मालाचा गोल वाटा, स्लॅबवर आणि कठड्यावर दोन-दोन इंच, म्हणजे कोपऱ्यात पाणी थांबत नाही. सात दिवस ओलं पोतं. पूर्ण वाळल्यावर वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, कठड्यावर वीतभर चढवून.

निवेदन: दुसरी चूक इथंच होते. ढग दिसले की घाईनं ओल्या स्लॅबवर लेप मारतात. खालची वाफ त्याला फुगे आणते आणि पहिल्या महिन्यात तो सालासारखा निघतो. सात दिवस पाणी, चार-पाच दिवस वाळण, दोन दिवस लेप, मध्ये एखादा वळीव. पंधरा दिवस सहज जातात. मृगाच्या आठवड्यात गवंड्याला फोन करून हे होत नाही. एक मर्यादाही सांगते: स्लॅबच्या खालून काँक्रीटच्या खपल्या पडत असतील, गंजलेली सळी दिसत असेल, तर लेपानं भागणार नाही. इंजिनियरलाच दाखवा.

अक्का: आणि आतली भिंत?

मामा: सुटलेलं सगळं खरवडा आणि तशीच उघडी ठेवा. दिवाळीनंतर कोरडी झाली की मग रंग.

पावसाआधीची यादी (पडद्यावर)

एप्रिलअखेर: गच्ची झाडून पन्हाळ्या मोकळ्या. प्रत्येकीत एक बादली ओता, पाणी खळाळत गेलं पाहिजे.

मे महिन्याचा पहिला आठवडा: डागांभोवती रेघ, कोपऱ्यांत पाण्याची तपासणी.

मेच्या मध्यापर्यंत: भेगा, वाटा आणि ओलं पोतं.

मेअखेर: कोरडा दिवस बघून लेप. कौलारू भाग असेल तर फुटकी मंगलोरी कौलं बदला, चार-पाच जादा आणून ठेवा.

छज्ज्याखाली कडेनं खाच आहे का बघा; नसेल तर पाणी खालच्या अंगानं सरकत भिंतीत शिरतं.

कपाट पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर पुढं.

अक्का (कपाट ओढत): मामा, याच्या मागं तर काळी बुरशी आलीय!

मामा: मग हाही कोपरा रेघेत घ्या.