ऑपरेशन थिएटरबाहेरची मूक प्रार्थना: या चुका टाळा

बांबोळीचं गोमेकॉ असो की मडगाव-म्हापशाचं एखादं खासगी इस्पितळ, थिएटरचं दार लागलं की बाहेरची माणसं मोबाइल बघतात नाहीतर देवाला हाक मारतात. मोबाइलबद्दल मला काही सांगायचं नाही. देवाला हाक मारताना मात्र काही चुका अशा होतात, की त्या हाकेनं जीव शांत होण्याऐवजी अधिकच टांगणीला लागतो.

घड्याळ बघून बोली वाढवणं

वाळपईकडच्या एका घरातलं उदाहरण घेऊ. पंच्याहत्तरीच्या आजी न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला. सकाळी नऊला स्ट्रेचर आत गेलं. डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, "दीडेक तासाचं काम आहे." थोरली लेक बाहेर बाकावर बसली आणि तिनं मनातल्या मनात शांतादुर्गेला ओटी बोलली. साडेदहा वाजले, दार उघडेना. ओटीवर साडी चढली. अकराला तिनं वर्षभर मासे सोडले. साडेअकराला "आयी स्वतः अनवाणी येऊन पायऱ्या चढेल" असंही बोलून बसली. साडेबाराला नर्स बाहेर आली: "सगळं व्यवस्थित आहे, थोड्या वेळानं वॉर्डात नेऊ."

इथं आत काहीच बिघडलं नव्हतं, बिघडला होता तो बाहेरचा हिशेब. डॉक्टर दीड तास म्हणतात तेव्हा बहुधा चिरा देण्यापासून टाके घालण्यापर्यंतचा वेळ सांगतात. त्याआधी पेशंटला आतल्या खोलीत थांबवतात, कागद पुन्हा तपासतात, पाठीत भुलीचं इंजेक्शन देतात, कुशीवर नीट निजवतात, जागा औषधानं पुसून काढतात. आधीची केस लांबली तर सुरुवातच उशिरा होते. नंतर भूल उतरेपर्यंत रिकव्हरीत ठेवतात आणि रक्तदाब, श्वास यांवर लक्ष ठेवतात. दीड तासाचे साडेतीन तास होतात ते असे. म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांना नीट विचारावं: "आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत साधारण किती वेळ धरायचा?" या एका प्रश्नानं अर्धा नवस वाचतो.

आपण सौदा करतोय हे ओळखणं कठीण नाही. वाक्यात 'तर' आला आणि देण्याची वस्तू मोठी होत चालली, की समजावं. उशीर झाला की आपलं देणं कमी पडलं असं वाटतं, मग आपण आणखी देतो आणि आणखी घाबरतो. त्यावर उपाय म्हणजे वाक्याचा दुसरा अर्धा भाग कापून टाकणं. "आयीला बरं कर, मी मासे सोडीन" यातलं "आयीला बरं कर" एवढंच ठेवावं. पुढची जागा रिकामी राहते, तिथं काहीतरी ठेवायला हात शिवशिवतात. ठेवू नये.

सौदा नको म्हणून मागणंच सोडणं

ही उलट बाजूची चूक, आणि शिकली-सवरलेली माणसं ती जास्त करतात. "जे व्हायचं ते होवो, तुझी इच्छा," असं म्हणून ती मोकळी होतात. ऐकायला हे फार भारदस्त वाटतं, पण पुष्कळदा त्यामागे भीतीच असते: मागितलं आणि मिळालं नाही तर काय, म्हणून आधीच हात आखडता घ्यायचा. आपल्या गावांतून गाऱ्हाणं घालतात तेव्हा मागणं आडपडदा न ठेवता मांडतात आणि बाकीचे "व्हय महाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. आई बरी व्हावी असं वाटतं ना, मग तसं सरळ म्हणावं. मागायला हरकत नाही, फक्त किंमत ठरवू नये.

मनातल्या मनात म्हणायला हे एक घ्या, हवं तसं बदला:

*माये, आयी आत आहे. तू तिच्यापाशी आहेस.*
*तिला भीती वाटू देऊ नको, दुखणं सोसवेल एवढंच असू दे.*
*ज्यांचे हात तिच्यावर काम करतायत ते स्थिर राहू देत, त्यांची नजर थकू देऊ नको.*
*ती बरी होऊन घरी यावी असं आम्हांला फार वाटतं. ते तुला सांगितलं.*
*पुढचं जे कळेल ते ऐकायला आम्हांला बळ दे.*
*या बाकांवर बसलेल्या सगळ्यांचंच भलं कर.*
*सांभाळ गे माये.*

'माये'च्या जागी मंगेश, म्हाळसा, विठोबा, जे घरचं दैवत असेल ते. शेवटून दुसरी ओळ मी मुद्दाम घातली आहे. शेजारी कोणी रुझार करत असतं, कोणी तसबीह ओढत असतं; त्यांचंही माणूस आतच असतं. मोठ्यानं आरती किंवा स्तोत्र म्हणू नये ते याचसाठी. शिवाय आवाजात नर्सची हाक बुडते.

लिफ्टच्या दाराकडून कौल घेणं

देवळात कौल घेतात तेव्हा देवाच्या अंगावर पाकळ्या लावलेल्या असतात, प्रश्न ठरलेला असतो, समोर जाणकार माणूस असतो. इथं मात्र आपण "पुढच्या पाच मिनिटांत दार उघडलं तर सगळं चांगलं" असा स्वतःच कौल लावतो, आणि दार उघडून बाहेर येतो तो कचऱ्याची बादली घेतलेला कामगार. आता हा उजवा की डावा? असले कौल मनात आले की उठून पाणी प्यावं. नर्स चिठ्ठी घेऊन औषध आणायला सांगते किंवा सहीला बोलावते, तेही बहुतेक वेळा नेहमीचंच काम असतं, ती अशुभाची खूण नव्हे. शंका आली तर तिलाच विचारावं.

उपास आणि न तुटणारा जप

आजींना भुलीसाठी उपाशी ठेवलं म्हणून आजोबाही सकाळपासून उपाशी. त्यांना मधुमेह, गोळी मात्र सवयीनं घेतलेली. काही वेळानं घाम, थरथर, आणि मुलांना आता दोन पेशंट. ऑपरेशनला उपास लागतो तो पोटातलं फुफ्फुसात जाऊ नये म्हणून, आणि तो पेशंटपुरताच. बाहेरच्यांनी पाव-भाजी खावी, चहा घ्यावा. देवाला उपाशी आजोबांचा काही उपयोग नाही.

तसाच संकल्प "हजार जप पुरा होईपर्यंत उठणार नाही" असा. थिएटरबाहेरची प्रार्थना मधेच तोडता येईल अशीच हवी. "अमक्यांचे नातेवाईक कोण?" अशी हाक आली की अर्ध्या ओळीवर उठायचं, परत आल्यावर पुढची ओळ धरायची. आणि सगळेच बांबोळीच्या खुरसाकडे मेणबत्ती लावायला गेले, असं होऊ देऊ नये. फोन चालू असलेला एक माणूस दाराशी हवाच.

नवस बोलून झालाच असेल तर

घाबरलेल्या माणसाला त्यावरून बोलू नये, वडीलधाऱ्यांना तर नाहीच. जे स्वतःच्या हातचं आहे ते सवडीनं फेडावं. पण वाळपईच्या लेकीनं आयीच्या पायांचा नवस बोलला, तो आयीवर लादू नये. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला आधी वॉकर धरून चालायचं असतं, देवळाच्या पायऱ्या फार पुढची गोष्ट. देवीपुढे उभं राहून लेकीनंच सांगावं की घाबरून बोलले, आयीच्या वतीनं मी येते.

आणि त्यासाठी त्याच दुपारी सगळ्यांनी गाडीत बसून निघू नये. "ऑपरेशन चांगलं झालं" या निरोपानंतर डॉक्टर दोन मिनिटं बोलतात: पाणी कधी द्यायचं, कुशीवर कसं वळवायचं, पाय कसा ठेवायचा, उभं केव्हा करायचं. एकानं ऐकावं, दुसऱ्यानं लिहून घ्यावं. देऊळ परवाही उघडं असतं.