भिंगांची गणितं : चिन्हांच्या या चुका टाळा

दहावी विज्ञान भाग 1 मधला सातवा धडा, ‘भिंगे व त्यांचे उपयोग’. किरणाकृती जमतात, व्याख्या पाठ होतात, आणि तरी गणिताचं उत्तर चुकतं. बहुतेक वेळा चूक आकडेमोडीत नसते, अधिक-वजाच्या चिन्हात असते. म्हणून या नोट्समध्ये फक्त चिन्हं घेतली आहेत.

संकेत एका ओळीत असा आहे : वस्तू नेहमी भिंगाच्या डावीकडे ठेवायची, सगळी अंतरं प्रकाशीय मध्यापासून मोजायची, उजवीकडचं अंतर धन आणि डावीकडचं ऋण. यावरून वस्तूचं अंतर u कायम ऋण येतं. नाभीय अंतर f बहिर्वक्र भिंगाला धन आणि अंतर्वक्र भिंगाला ऋण. ‘बहिर्वक्रातला ब बेरजेचा’ एवढं लक्षात ठेवा. हे आरशालाही चालतं, कारण बहिर्वक्र आरशाचं f सुद्धा धनच असतं. अंतर्वक्रासाठी मात्र ‘अ’वरून काही जुळवायला जाऊ नका. ‘अ’ म्हटलं की ‘अधिक’ आठवतं आणि तिथेच घोळ होतो.

आरशाचं सूत्र भिंगाला लावणं

नववीत गोलीय आरशाचं सूत्र पाठ केलेलं असतं, ते दहावीत मध्ये येतं. दोन्ही शेजारी लिहून बघा :

आरसा : 1/v + 1/u = 1/f, M = −v/u

भिंग : 1/v − 1/u = 1/f, M = v/u

प्रत्येकाच्या वाट्याला एकच वजा आला आहे. आरशाचा वजा विशालनात आहे, भिंगाचा वजा सूत्रात आहे. हे एवढंच पाठ करा. कारणही सोपं आहे. आरशावरून प्रकाश मागे फिरतो, त्यामुळे वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, म्हणजे डावीकडे मिळते. भिंगातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे वास्तव प्रतिमा उजवीकडे मिळते. प्रतिमेची बाजू बदलली म्हणून सूत्रातलं चिन्ह बदललं.

आता एक गणित नीट बघू. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेमी, वस्तू 30 सेमी अंतरावर, वस्तूची उंची 5 सेमी. प्रतिमा कुठे आणि केवढी?

f = +20, u = −30

1/v = 1/f + 1/u = 1/20 − 1/30 = 1/60

v = +60 सेमी

M = 60/(−30) = −2, म्हणून उंची −10 सेमी

v धन, म्हणजे प्रतिमा पलीकडच्या बाजूला आणि वास्तव. M ऋण, म्हणजे उलट. 2 म्हणजे दुप्पट.

ज्याने u = +30 ठेवलं त्याचं उत्तर 12 येतं. ज्याने u बरोबर −30 ठेवलं पण सूत्र आरशाचं वापरलं, त्याचंही 12 येतं. हे उत्तर चूक आहे हे आकडेमोड न तपासताही ओळखता येतं. समोर ठेवलेल्या वस्तूची वास्तव प्रतिमा बहिर्वक्र भिंगापासून f पेक्षा कमी अंतरावर कधीच मिळत नाही. f 20 असताना v धन आणि 12 आलं, तर तिथेच थांबायचं. शिवाय वस्तू f आणि 2f यांच्या मध्ये असेल तर प्रतिमा 2f च्या पलीकडे जायला हवी, म्हणजे इथे 40 च्या पुढे.

यापेक्षा धोक्याची गोष्ट अशी की दोन्ही चुका एकदम केल्या, सूत्र आरशाचं आणि u धन, तर उत्तर 60 येतं. बरोबर! दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि विद्यार्थ्याला वाटलं की आपली पद्धत जमली. हीच पद्धत अंतर्वक्र भिंगाला लावा. f चा आकडा 20 आणि वस्तू 30 सेमीवर असेल तर सगळं धन ठेवून पुन्हा 60 येईल. खरं उत्तर असं आहे : 1/v = −1/20 − 1/30 = −1/12, म्हणजे v = −12 सेमी. प्रतिमा आभासी आणि वस्तूच्याच बाजूला. म्हणून सराव करताना बहिर्वक्राची दोन गणितं सुटली की लगेच एक अंतर्वक्राचं घ्या. पद्धत खरी की नुसती जुळलेली, ते तिथे समजतं.

न दिलेल्या राशीला आधीच चिन्ह लावणं

जे काढायचं आहे त्याला स्वतःहून चिन्ह देऊ नका, ते सूत्रातून आपोआप येतं. वरच्याच बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू 10 सेमीवर आणली तर 1/v = 1/20 − 1/10 = −1/20, म्हणजे v = −20. इथे बरेच जण ‘अंतर ऋण कसं?’ म्हणून वजा पुसून टाकतात. तो वजाच सांगतो आहे की प्रतिमा आभासी आहे. M = (−20)/(−10) = +2, म्हणजे सुलट आणि दुप्पट.

याच्या उलट, प्रश्नाच्या शब्दांत चिन्ह लपलेलं असतं ते मात्र काढून घ्यायला हवं. ‘15 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर तिप्पट प्रतिमा मिळाली, तर वस्तू कुठे होती?’ यात ‘पडद्यावर’ हा शब्द महत्त्वाचा. पडद्यावर फक्त वास्तव प्रतिमा मिळते, ती उलट असते, म्हणून M = −3 आणि v = −3u. सूत्रात ठेवल्यावर −4/(3u) = 1/15, म्हणजे u = −20 सेमी आणि v = +60 सेमी. M = +3 घेतलं तर u = −10 येतं. गणित म्हणून ते चुकत नाही, पण ते आभासी प्रतिमेचं उत्तर आहे आणि ती पडद्यावर घेता येत नाही.

भिंगाची शक्ती काढताना

P = 1/f मध्ये f मीटरमध्येच हवं. सेमी असेल तर सरळ P = 100/f वापरा. 20 सेमीला 100/20 = 5 डायॉप्टर. 0.05 असं उत्तर आलं तर चष्म्याचे नंबर आठवा : 0.25, 0.50, 0.75 असे पावाच्या टप्प्याने जातात.

सगळ्यात जास्त गुण दूरदृष्टितेच्या गणितात जातात. एका व्यक्तीचा निकटबिंदू 50 सेमीवर आहे आणि तिला 25 सेमीवरचं पुस्तक वाचायचं आहे. u = −25 सगळे बरोबर लिहितात. v मात्र +50 लिहितात, कारण ‘बहिर्वक्र भिंग म्हणजे प्रतिमा पलीकडे’ असं डोक्यात असतं. चष्म्याचं काम काय ते बघा. पुस्तक 25 वर आहे, पण डोळ्याला ते 50 वर असल्यासारखं दिसायला हवं. म्हणजे प्रतिमा पुस्तकाच्याच बाजूला, आभासी, v = −50.

1/f = 1/v − 1/u = −1/50 + 1/25 = 1/50

f = +50 सेमी, P = +2 डायॉप्टर

+50 घेणाऱ्याला P = +6 मिळतं, आणि चिन्ह धन असल्यामुळे उत्तर बरोबरच वाटतं. निकटदृष्टितेतही हेच तत्त्व आहे : दूरबिंदू 80 सेमीवर असेल तर वस्तू अनंत अंतरावर, 1/u शून्य, v = −80, म्हणून f = −80 सेमी आणि P = −1.25 डायॉप्टर. चष्म्याच्या दोन्ही प्रकारांत v ऋणच ठेवायचं. भिंग बहिर्वक्र की अंतर्वक्र हे आधी ठरवू नका, ते f च्या चिन्हावरून कळतं.